मांजर पायांवर पडते, म्हणून वाचते का?

मांजर कसेही पडले तरी चार पायांवरच पडते, हे लहान मूलही सांगते. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण त्यावरून ‘मांजराला पडण्याची भीती नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि चौथ्या मजल्यावरच्या घरातही गॅलरी उघडी राहते. वळणे आणि वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मांजराला अप्रतिम जमते. दुसरी मात्र उंचीवर अवलंबून असते.

आधी वळण्याबद्दल. १८९४ साली फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी पडणाऱ्या मांजराची एकामागोमाग एक अशी वेगवान छायाचित्रे घेतली आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली. ती पाहून तेथील विद्वान चक्रावले. हवेत लटकलेल्या वस्तूला आधार नसेल आणि ती आधीपासून फिरत नसेल, तर तिला आपोआप गिरकी घेता येत नाही, असा भौतिकशास्त्राचा नियम. तोवरची सोपी समजूत अशी की, सोडणाऱ्याच्या हातालाच मांजर पायाने रेटा देत असावे. पण मारे यांच्या सुरुवातीच्या चित्रांत मांजर अजिबात फिरताना दिसत नव्हते. पाय वर, पाठ खाली, अशा स्थितीत ते सरळ खाली येत होते आणि वळणे सुरू झाले ते हात सुटल्यानंतर.

नियम मोडलेला नव्हता. मांजर म्हणजे एकसंध लाकडी ठोकळा आहे, हे गृहीतच चुकीचे होते. मांजराचे शरीर कमरेत वाकते आणि पुढचा भाग मागच्या भागापेक्षा वेगळा फिरू शकतो. पडू लागताच अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा ‘खालची बाजू कोणती’ ते सांगते, डोळे तिला दुजोरा देतात आणि प्रथम डोके वळते. मग मांजर पुढचे पाय छातीशी आवळून घेते आणि मागचे पाय लांब ताणते. आवळलेला भाग फिरवायला सोपा, ताणलेला अवघड. त्यामुळे पुढचे अर्धे शरीर भराभर वळते आणि त्याच्या बदल्यात मागचे अर्धे उलट दिशेला थोडेसेच सरकते. लगेच पाळी उलटते. पुढचे पाय जमिनीकडे लांब होतात, मागचे आवळले जातात आणि आता मागचा भाग वळतो. दोन्ही फिरण्यांची बेरीज दर क्षणी शून्यच राहते, तरी मांजर पालथे झालेले असते.

फिरत्या खुर्चीवर पाय जमिनीपासून उचलून बसावे आणि दोन्ही हात पसरून कमरेत एकीकडे वळावे. खुर्ची उलट दिशेला सरकते. हात जवळ घेऊन परत सरळ झाले की खुर्ची पूर्वीच्या जागी येत नाही, थोडी फिरलेलीच राहते. मांजराची युक्ती तीच, फक्त कमालीच्या लवचीक कण्याची. १९६९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या केन आणि शेर यांनी मधोमध वाकणाऱ्या दोन नळकांड्यांचे गणिती मांजर मांडले आणि त्याचे वळणे मारे यांच्यासारख्या छायाचित्रांशी जुळते हे दाखवले. त्या हिशेबाला शेपटीची गरज पडली नाही. बिनशेपटीची मँक्स जातीची मांजरेही नीट वळतात, हे त्याला धरूनच आहे.

या कसरतीला वेळ लागतो. तो सेकंदाचा तिसरा भाग धरला, तर तेवढ्यात मांजर सुमारे अर्धा मीटर खाली आलेले असते. म्हणूनच मुलाच्या हातातून किंवा सोफ्यावरून उलटे निसटलेले मांजर कधीकधी पाठीवर आपटते. उंची कमी असणे येथे गैरसोयीचे ठरते. पिलांना तर ही हालचाल जन्मतः येतच नाही. ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागते आणि सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत पक्की होते.

पाय खाली आले, पुढे काय? येथे साध्या अंकगणिताची मदत घ्यावी. चार किलोचे मांजर एक मीटर उंचीच्या ओट्यावरून पडले आणि पाय व पाठ वाकवून साधारण वीस सेंटिमीटरमध्ये थांबले, तर पायांवर त्याच्या वजनाच्या पाचपट, म्हणजे वीस किलोच्या आसपास भार येतो. हे मांजराला सहज झेपते. तेच दुसऱ्या मजल्यावरून, म्हणजे सहा मीटरवरून पडले तर हा भार तीसपट होतो. चार किलोच्या मांजराच्या काटकुळ्या पायांवर एकशेवीस किलो. चौथ्या मजल्यावरून त्याच्याही दुप्पट. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून मुद्दा कळतो. उंची वाढते तसा मार वाढतो, पायांची लांबी मात्र तेवढीच राहते. पाय पुरेनासे झाले की उरलेला धक्का छाती आणि हनुवटी घेतात. म्हणून अशा मांजरांत पायांच्या हाडांबरोबर तुटलेला जबडा, फाटलेली टाळू आणि फुफ्फुसांना झालेली इजा दिसते.

‘जितक्या उंचावरून पडेल तितके बरे’ अशी एक मजेशीर माहिती मात्र वरचेवर फिरत असते. तिचे मूळ न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयाच्या १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची त्यात नोंद होती आणि उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. सातव्या मजल्यापर्यंत इजा वाढत गेल्या आणि त्याहून वर कमी झाल्या, असे त्यात दिसले. संशोधकांनी कारण असे सुचवले, की मांजराचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. वेग वाढायचा थांबला की मांजर अंग सैल सोडते, पाय पसरते आणि मार शरीरभर वाटला जातो.

कल्पना आकर्षक आहे, पण आकड्यांत एक मोठी फट आहे. रुग्णालयात आणलेलीच मांजरे मोजली गेली. दहाव्या मजल्यावरून पडून जागीच मेलेले मांजर कोणी डॉक्टरकडे नेत नाही. त्यामुळे वरच्या मजल्यांच्या आकडेवारीत वाचलेलीच जास्त उरतात. २००४ साली क्रोएशियातील झाग्रेबच्या पशुवैद्यांनी ११९ मांजरांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही ९६.५ टक्के वाचली, पण सातव्या आणि त्यावरच्या मजल्यांवरून पडलेल्यांना अधिक गंभीर इजा आणि छातीला जास्त मार दिसला. जवळपास निम्म्या मांजरांचे पाय मोडले होते आणि सर्वांत जास्त मोडले होते ते नडगीचे हाड. साठ टक्के मांजरे एक वर्षाच्या आतली होती. ‘वाचली’ या शब्दामागे कित्येक शस्त्रक्रिया आणि आठवडेच्या आठवडे पिंजऱ्यातली सक्तीची विश्रांती असते, हे टक्केवारी सांगत नाही.

इतका तोल असलेला प्राणी मुळात गॅलरीतून पडतोच कसा? याचे उत्तर बऱ्याचदा गजांच्या फटीत असते आणि तेथे मिशांचा संबंध येतो. मांजराच्या वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना साधारण बारा-बारा जाड मिशा चार ओळींत असतात. भुवयांवर आणि पुढच्या पायांच्या मागच्या बाजूलाही तसेच केस असतात. मिशीच्या केसात संवेदना नसते. ती असते मुळाशी. हे मूळ साध्या केसापेक्षा खोल रुतलेले, रक्ताने भरलेल्या पिशवीने वेढलेले आणि मज्जातंतूंनी गच्च भरलेले असते. टोकाला जरा धक्का लागला की मिशी तरफेसारखी मुळाशी हलते आणि कोणती मिशी, किती आणि कोणत्या बाजूला वाकली हे मेंदूला कळते. मांजराला नाकापुढच्या वीतभर अंतरातले नीट स्पष्ट दिसत नाही. तेवढ्या टापूत काम करतात त्या मिशा.

पसरलेल्या मिशांची रुंदी साधारण शरीराच्या रुंदीएवढी असते. फटीत तोंड घातल्यावर दोन्हीकडच्या मिशा वाकल्या तर ‘येथे अडचण आहे’ हे समजते. पण या मापपट्टीला मर्यादा आहेत. पोट सुटले म्हणून मिशा त्या प्रमाणात लांब होत नाहीत. शिवाय मांजर फटीबाबत नेहमी मोजूनमापून वागते असेही नाही. बुडापेस्टच्या एओत्वोश लोरांड विद्यापीठातील पेटर पोंग्रात्स यांनी घरगुती मांजरांपुढे क्रमाने लहान होत जाणारी भोके असलेले फलक ठेवले. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. भोके बुटकी होत गेली तेव्हा मांजरे त्यांच्यापुढे थबकली. उंच पण अरुंद फटींपुढे मात्र ती फारशी न कचरता सरळ गेली, अंगापेक्षा फट अरुंद असली तरीही. माणसासारखे घट्ट जोडलेले गळपट्टीचे हाड मांजराला नसते. त्यामुळे खांदे आवळून डोक्यामागे ओढून घेता येतात. फटीशी पोहोचल्यावर शेवटचा अंदाज मिशा देत असाव्यात, असा पोंग्रात्स यांचा तर्क आहे.

उंच आणि अरुंद फट म्हणजे गॅलरीचे उभे गज किंवा खिडकीचे ग्रिल. नेमक्या ज्या आकारापुढे मांजर थबकत नाही, तोच आकार मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सगळीकडे असतो. मिशा फार तर ‘अंग जाईल’ एवढे सांगतात. पलीकडे सज्जा आहे की पाच मजल्यांची पोकळी, हे त्यांना कळत नाही. आणि मांजराची नजर त्या क्षणी कबुतरावर असते. म्हणून फट पाहताना मांजराच्या पोटाकडे नव्हे, डोक्याकडे पाहावे. डोके गेले की बहुतेक मांजरांचे उरलेले अंगही जाते. पिलू असेल तर त्याच्या डोक्याचे माप धरावे. जाळी लावताना ती चारही बाजूंनी आवळलेली हवी, कारण मांजर जाळीच्या मध्यातून नव्हे, सुटलेल्या कोपऱ्यातून जाते. डासांसाठी चिकटपट्टीने लावलेली जाळी मांजराच्या उडीपुढे टिकत नाही. नायलॉनची जाळी उन्हाने कुजते, तेव्हा ती अधूनमधून ओढून पाहावी.

पडलेले मांजर उठून चालू लागले, तरी डॉक्टरकडे न्यावे. छातीत हवा साचणे किंवा मूत्राशय फुटणे बाहेरून दिसत नाही. तोंड उघडून धापा टाकणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, लघवी न होणे, कोपऱ्यात दडून बसणे ही धोक्याची चिन्हे आहेत. मांजराला मानेला धरून न उचलता एखाद्या कडक पुठ्ठ्यावर किंवा फळीवर सरकवून खोक्यात ठेवावे आणि तसेच न्यावे. दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र मुळीच देऊ नये. मांजराच्या यकृताला हे औषध निकामी करता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती त्याने नष्ट होते आणि पडण्यातून वाचलेले मांजर एका गोळीनेही मरू शकते.