गोसीखुर्दची शेवटची पाइपलाइन आज कागदावर का नाही? आणि शेतकऱ्याने नेमकं काय मागावं?

पवनी : चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास निघतो. "धरण झालं, पाणी अडलं, मग आमच्या बांधाला पाणी केव्हा?" सरकारी माणूस महिना सांगतो, महिना निघून जातो आणि लोक म्हणतात, यांना नियोजनच येत नाही. चूक नियोजनाचीच आहे, पण लोकांना वाटते ती नव्हे.

गोसीखुर्दला 1983 मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा खर्च धरला होता 372 कोटी. 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टर भिजवायचं ठरलं. पुढे सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे आपल्याकडची 'सुप्रमा', निघत गेली आणि आकडा आधी 7,777 कोटींवर, मग 18,494 कोटींवर गेला.

सगळं आधी ठरवता आलं असतं का?

नाही. धरणाची जागा, भिंत, दरवाजे हे 1988 मध्ये ठरवता येत होतं. पण शेवटच्या चाऱ्या? तेव्हा चारी म्हणजे उघडी खोदलेली नाली. आता बऱ्याच भागात जमिनीखालून बंद पाइप टाकतात. भूसंपादनाचा कायदाही 2014 पासून नवा लागू झाला, मोबदल्याचं गणित बदललं. पाइप किती जाड हवा हे पिकावर ठरतं. धानाला लागणारं पाणी वेगळं, मिरची-कापसाला लागणारं वेगळं. तीस-चाळीस वर्षांनी कोण काय पेरेल, हे तेव्हा कोणाला माहीत?

अशा लांबच्या कामासाठी 'रोलिंग वेव्ह' नावाची पद्धत आहे. जवळचं काम बारकाईने आखायचं, लांबचं ढोबळ ठेवायचं. जवळचं पूर्ण होत आलं की पुढच्या टप्प्याचा तपशील भरायचा. शेतकरी हेच करतो. यंदाच्या पऱ्ह्यांची तारीख, बियाणं, मजूर पक्के असतात. तीन वर्षांनी बांधीत काय लावायचं, ते तेव्हा पाहू म्हणतो.

मग बिघडलं कुठे?

दोन्ही टोकांना. लांबच्या कामाला पक्की तारीख दिली गेली आणि जवळचं काम मात्र अर्धवट आखून सुरू केलं. जमीन ताब्यात नाही, नकाशा अंतिम नाही, तरी निविदा निघाल्या. महालेखापरीक्षकांनी यावर बोट ठेवलं आहे. डाव्या कालव्याचं अस्तरीकरण निकृष्ट निघालं, ते पुन्हा करावं लागलं.

कोणी म्हणेल, सुप्रमा म्हणजे तपशील भरणंच झालं ना? नाही. सुप्रमा अनेक वर्षांनी येते आणि वाढलेल्या खर्चाला मान्यता देते. रोलिंग वेव्हमध्ये दर हंगामाला बसून विचारायचं असतं : मागच्या टप्प्यात काय कळलं, म्हणून पुढच्यात काय बदलायचं?

एक चारी घेऊन पाहू

समजा एका वितरिकेचे तीन भाग आहेत. धान निघाल्यावर साधारण डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत शेतात खोदकाम करता येतं. जून लागला की पऱ्हे, काम बंद. म्हणून पहिल्या भागासाठी दिवाळीआधीच गट नंबरसह आखणी, पाइपचा व्यास, विमोचकाची जागा आणि पीक नुकसानीची नोंद हातात हवी.

दुसऱ्या भागाची फक्त रेषा आणि पुढच्या मार्चला मोजणी, एवढं ठरलेलं पुरे. तिसऱ्याला एकच तारीख नको. 'दोन ते चार वर्षं' असं सांगावं आणि ते कशावर अवलंबून आहे तेही सांगावं. पहिल्या भागात पाणी सोडल्यावर गाळ कुठे बसतो, टोकाला दाब पुरतो का, हे कळेल. त्यावरून तिसऱ्याचा पाइप ठरेल. आधीच पाइप आणून टाकला तर चुकीच्या मापाचा माल बांधावर पडून राहील.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. 'पुढचं पुढे पाहू' हे टाळाटाळीचं निमित्त होऊ शकतं. ओळखायचं कसं? पुढचा आढावा कधी आणि कोणत्या कामानंतर, हे लिहिलेलं नसेल तर ती टाळाटाळ समजा.

म्हणून उपविभागीय कार्यालयात जाल तेव्हा "पाणी केव्हा?" एवढंच विचारू नका. येत्या उन्हाळ्यात कोणत्या गटात खोदणार, याचा नकाशा मागा. तुमचा गट त्यात नसेल, तर तुमच्या भागाची मोजणी कोणत्या महिन्यात, ते लेखी मागा. लांबच्या गावाला आज पक्की तारीख मिळत असेल तर खुश होऊ नका. त्या तारखेवर भरवसा ठेवून विहिरीचं काम थांबवणारा शेतकरी दोन्हीकडून बुडतो.