राजीनामा मंजूर, पण कोणत्या तारखेपासून?

सोनपेठसारख्या तालुक्याच्या ठिकाणी खासगी अनुदानित शाळेतील शिक्षकाने नोकरी सोडायची ठरवली की, राजीनामा संस्थेच्या कचेरीत देणे आणि तोंडी होकार मिळाल्यावर दुसरीकडे रुजू होणे, एवढ्यावरच प्रकरण मिटले असे अनेकदा गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात सेवा संपते ती राजीनामा स्वीकारल्याच्या पत्राने, आणि या पत्रातील एक तारीख चुकली तरी शिक्षक, संस्था आणि शाळा या तिघांनाही तिचा भुर्दंड सोसावा लागतो.

महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977 याने राजीनाम्याची रीत ठरवून दिली आहे. पत्राच्या दोन प्रती करून दोन्हींवर सही व तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. कोऱ्या कागदावर आगाऊ सही घेऊन पुढे तोच राजीनामा म्हणून वापरण्याच्या प्रकारांना या तरतुदीने अटकाव होतो. टपालाच्या पावतीवरील तारीख कोणालाही नंतर बदलता येत नाही, हे तिचे बळ आहे.

मुदतीचा हिशेब 1981 च्या नियमावलीतील नियम 40 प्रमाणे होतो. कायम कर्मचाऱ्यास तीन महिन्यांची, तर अस्थायी कर्मचाऱ्यास एक महिन्याची सूचना द्यावी लागते. सुट्टीत, किंवा सुट्टीचा काही भाग सूचनाकाळात येईल अशा रीतीने राजीनामा देता येत नाही. पहिले सत्र सुरू झाल्यापासून महिनाभरही तो देता येत नाही.

एक उदाहरण पाहू. सोनपेठ तालुक्यातील एखादी शाळा 15 जूनला सुरू झाली आणि तेथील कायम शिक्षकाची सूचना 16 जुलै रोजी संस्थेला मिळाली, तर तीन महिने 15 ऑक्टोबरला पूर्ण होतात. दिवाळीची सुट्टी त्यानंतर लागत असेल, तर सूचना नियमात बसते. हीच सूचना सप्टेंबरमध्ये दिली असती, तर दिवाळीची सुट्टी मध्ये आल्याने ती नियमाबाहेर गेली असती. आता या शिक्षकाला 15 सप्टेंबरलाच जायचे असेल, तर संस्था परवानगी देऊ शकते. मात्र कमी पडलेल्या एका महिन्याचे वेतन, भत्ते वगळून, त्याने भरावयाचे असते. संस्थेने ही रक्कम न घेताच त्याला सोडले, तर तेवढी कपात शाळेच्या अनुदानातून होते. म्हणून स्वीकृतीपत्रात राजीनामा मिळाल्याची तारीख, सूचनाकाळ, माफ केलेले दिवस, भरलेली रक्कम आणि कामाचा शेवटचा दिवस हे सारे स्पष्टपणे लिहिणे संस्थेच्याही हिताचे आहे.

पत्र लिहिले, पण ते संबंधिताच्या हाती पडले का, हा पुढचा प्रश्न. कोकण रेल्वे महामंडळाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर निर्णय दिला. त्याने डिसेंबर 2013 मध्ये राजीनामा दिला होता. महामंडळाचे म्हणणे असे की, एप्रिल 2014 मध्येच तो मंजूर झाला होता. कर्मचाऱ्याने मात्र मे महिन्यात राजीनामा मागे घेतला. दरम्यान त्याला कामावर हजर राहण्यास सांगण्यातही आले होते. मंजुरीचे पत्र त्याला पोहोचल्याचा पुरावा नसल्याने न्यायालयाने ते कार्यालयातील अंतर्गत टिपण मानले, राजीनामा वेळेत मागे घेतल्याचे मान्य केले आणि त्याला सेवेत परत घेण्याचा आदेश दिला. फाइलवर मंजुरी आहे, एवढे सांगून भागत नाही. पोच हवी, हा त्याचा धडा आहे. मंजुरीनंतरही शेवटच्या दिवसापर्यंत त्याला कामावर बोलावले जात असेल, तर ते सूचनाकाळातील काम आहे असे पत्रातच नमूद केलेले बरे.

राहिला कार्यभाराचा प्रश्न. ‘कार्यभार सोपवून जावे’ एवढ्या एका वाक्याने काही साधत नाही. हजेरीपट, मूल्यमापनाच्या नोंदी, जडसंग्रह नोंदवहीप्रमाणे मोजलेले प्रयोगशाळेचे साहित्य, ग्रंथालयाची पुस्तके, शासकीय संकेतस्थळांचे सांकेतिक शब्द, यांतील काय कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे याची यादी पत्रासोबत जोडावी. जाणारा मुख्याध्यापक असेल, तर जनरल रजिस्टर आणि बँक खात्यावरील सहीचा अधिकार बदलणे हेही त्यात यावे. घेणाऱ्याने यादीवर सही करताना कमी निघालेली वस्तू त्याच दिवशी नोंदवावी. तसे न झाल्यास सहा महिन्यांनी तपासणीत सापडलेली तूट गेलेल्याच्या माथी मारली जाते आणि सेवापुस्तिका, अंतिम वेतन प्रमाणपत्र अडकून पडते. शेवटचा दिवस आणि कार्यभाराची यादी एकाच पत्रात असली, तर पुढच्या शाळेत रुजू होताना त्या शिक्षकाला जुन्या संस्थेच्या पायऱ्या पुन्हा चढाव्या लागत नाहीत.