कंसातले क्रियापद

आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना परवा मराठीचा हा उतारा दिला: ‘सलमा रोज नांदगाव पेठहून अमरावतीला (जाणे). काल ती थांब्यावर आली तेव्हा बस (सुटणे) होती. ती चटकन चढली, तोच बस हलली. अमरावतीत तिने दोन पुस्तके (घेणे).’

‘रोज’ पाहून ‘जाते’ सगळ्यांना जमले. दुसऱ्या जागी बहुतेकांनी ‘सुटली’ लिहिले. तेवढे एकच वाक्य वाचले तर ते बरोबरच वाटते. पण बस सुटून गेली होती, तर सलमा चढली कशात? उत्तर ‘सुटत’, आणि त्याची खूण पुढच्या वाक्यात आहे. म्हणून आम्ही उतारा शेवटपर्यंत वाचून होईस्तोवर पेन उचलू देत नाही.

तिसऱ्या जागी वेगळाच घोळ झाला. ‘तिने’ आले की भूतकाळात क्रियापद सलमाकडे नव्हे, पुस्तकांकडे पाहते. उर्दूतही तसेच, त्यामुळे नियम मुलांना ठाऊक होता. फसवले ते लिंगाने. किताब स्त्रीलिंगी, म्हणून त्यांनी ‘घेतल्या’ लिहिले. मराठीत मात्र ‘ते पुस्तक’, ‘ती पुस्तके’; म्हणून ‘घेतली’. वह्या असत्या तर ‘घेतल्या’ला आम्ही पूर्ण गुण दिले असते.