‘स्टेशन’शी ‘रेशन’ जुळतं का?

गॅदरिंग जवळ आलं की प्रत्येक कॉलेजात एक तरी ग्रुप स्वतःचं गाणं करायला बसतो. कडवी मराठीत किंवा आपल्या बोलीत होतात आणि हुकलाइनला, म्हणजे कोरसच्या शेवटी, इंग्रजी शब्द येतो. बोदवड असो, भुसावळ असो की धुळे, ही पद्धत आता पक्की झालीय. मग कुणीतरी मोबाइल काढतं, यमक शोधायची साइट उघडतं, इंग्रजी शब्द टाइप करतं आणि वरचे पाच शब्द वहीत उतरवतं. माझा आक्षेप साइट वापरण्याला नाही. तो ‘वरचे पाच’ याला आहे. ती क्रमवारी नेमकी कुणाच्या कानानं लावलेली असते, हे आपण कधी विचारतच नाही.

आधी ही क्रमवारी लागते कशी ते बघू. स्पेलिंगवर यमक ठरत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. कोम, टूम आणि बॉम या तीन इंग्रजी शब्दांच्या स्पेलिंगची शेपटी सारखी आहे, पण कानाला तिन्ही वेगळे लागतात. म्हणून असं काम करणारे प्रोग्रॅम उच्चारांचा कोश वापरतात. त्यातला एक प्रसिद्ध आणि फुकट कोश अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा आहे. त्यात १ लाख ३४ हजारांहून जास्त शब्द आहेत आणि प्रत्येकाचा उच्चार ध्वनींच्या खुणांमध्ये लिहिलाय. आपण बोदवडच्या गाण्यासाठी ‘स्टेशन’ हा शब्द धरू. कोशात तो आणि त्याचे शेजारी असे दिसतात:

```
STATION   S T EY1 SH AH0 N
LOCATION  L OW0 K EY1 SH AH0 N
EQUATION  IH0 K W EY1 ZH AH0 N
TENSION   T EH1 N SH AH0 N
FASHION   F AE1 SH AH0 N
```

स्वराच्या खुणेपुढचा आकडा आघात सांगतो. १ म्हणजे त्या स्वरावर जोर, ० म्हणजे जोर नाही. नियम साधा आहे: शेवटच्या जोराच्या स्वरापासून शब्दाच्या टोकापर्यंतचा तुकडा घ्यायचा. ‘स्टेशन’मधून ‘एशन’ उरतं. दुसऱ्या शब्दाचा तुकडा हुबेहूब तोच असेल आणि त्याच्या आधीचं व्यंजन वेगळं असेल, तर ते पक्कं यमक. लोकेशन, व्हेकेशन, रिझर्वेशन, एज्युकेशन हे सगळे या रांगेत बसतात. ‘वर्कस्टेशन’ मात्र बसत नाही. तिथं आधीचा ‘स्ट’सुद्धा तोच राहतो, त्यामुळे यमक न होता तोच शब्द पुन्हा म्हटल्यासारखं वाटतं.

पक्क्या यमकानंतर येतात जवळची यमकं, आणि तिथं गुण द्यावे लागतात. त्यासाठी हिशेब वहीतही करता येतो. मी ‘एशन’ला दहा गुण ठेवते. जोराच्या ‘ए’ला ५, मधल्या ‘श’ला २, शेवटच्या दबक्या ‘अ’ला १ आणि ‘न’ला २. जास्तीचा ध्वनी घुसला तर एक गुण वजा. स्वराला निम्मे गुण का? कारण गाताना आपण स्वर ताणतो, व्यंजन ताणत नाही. कोरसमध्ये ‘स्टेऽऽऽशन’ म्हणताना ऐकणाऱ्याच्या कानात ‘ए’ घोळत राहतो, ‘श’ चटकन निघून जातो. त्यात गॅदरिंगचा स्पीकर आणि ढोल असेल तर अर्धी व्यंजनं तिथंच बुडतात.

आता कोशाच्या उच्चारानं गुण देऊ. रिझर्वेशनला पूर्ण १०. ‘इक्वेजन’ला ९, कारण तिथं ‘श’ऐवजी त्याच जागी, पण घशाच्या कंपानं येणारा ध्वनी आहे. जीभ हलत नाही, म्हणून मी ‘श’चे अर्धे गुण देते. ‘टेन्शन’मधला स्वर इंग्रजीत आखूड आणि थोडा उघडा आहे. तो ‘ए’चा शेजारी, म्हणून ५ पैकी ३. मध्ये ‘न’ जास्तीचा, एक वजा. एकूण ७. ‘फॅशन’चा ‘ॲ’ आणखी उघडा, ५ पैकी २, बाकी सगळं जुळतं, तेही ७. ‘ओशन’मध्ये ‘ए’ची जागाच ‘ओ’नं घेतली, त्यामुळे स्वराचे शून्य आणि एकूण ५. यादी तयार झाली.

पण ही यादी कुणाच्या तोंडची आहे? हा कोश उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजी उच्चारांचा आहे. आपलं गाणं ऐकणार आहेत ते बोदवडच्या मैदानावरचे लोक. आपण ‘टेन्शन’ आणि ‘स्टेशन’ या दोन्ही शब्दांत एकच ‘ए’ म्हणतो. मराठीत ‘ए’ एकच आहे, इंग्रजीसारखे दोन नाहीत. म्हणजे आपल्या मैदानावर टेन्शनचे ७ गुण ९ होतात. ‘इक्वेजन’ असं आपल्यापैकी फार थोडे म्हणतात, बहुतेक जण ‘इक्वेशन’ म्हणतो, म्हणून त्याचे ९ थेट १० होतात. फॅशन मात्र ७ वरच राहतं, कारण ‘ॲ’ आणि ‘ए’ आपणही वेगळे म्हणतो. कोशात एकाच पायरीवर असलेले टेन्शन आणि फॅशन आपल्या कानात दोन पायऱ्यांनी लांब गेले.

आता सगळ्यात महत्त्वाचा शब्द: ‘रेशन’. इंग्रजी शब्दकोशांत त्याचा पहिला उच्चार ‘रॅशन’सारखा दिलेला असतो, ‘रेशन’ हा दुसरा. पहिल्याच उच्चारावर चालणाऱ्या यादीत तो फॅशनच्या शेजारी ७ वर जाऊन बसतो. आपल्या गावात ‘रॅशनचं दुकान’ कुणी म्हणतं का? आपल्याकडे ते रेशनच आहे, दहापैकी दहा. आणि नेमका हाच शब्द वरच्या पाचात न दिसल्यामुळे सुटतो. समजा, तुमचं गाणं शिकायला पुण्याला निघालेल्या मुलाचं आहे. यादीतला पहिला नंबर घेतलात तर व्हेकेशन मिळेल, आणि त्या मुलाच्या आयुष्यात व्हेकेशन कुठून आणणार? रेशन घेतलंत तर पुढची ओळ आपोआप येते:

गाडी हलली, मागं राह्यलं स्टेशन,
पिशवीत आईनं बांधलंय रेशन.

मी मोठी कवयित्री नाही, पण या दोन ओळींत निदान एक घर दिसतं. लोकेशन, व्हेकेशन, एज्युकेशन या रांगेची आणखी एक अडचण आहे. सगळ्या शब्दांना एकच प्रत्यय लागलाय. मराठीत ‘गेला, आला, झाला’ जुळवलं की जसं फुकटचं यमक होतं, तसंच इथं होतं. ऐकणाऱ्याला पुढचा शब्द आधीच कळतो. दहा गुण मिळतात, पण मजा मिळत नाही. रेशन आणि टेन्शन या एकाच साच्यातून निघालेल्या रांगेतले नाहीत, म्हणून ते कानाला अचानक येतात.

दुसरा मोठा फरक आघाताचा आहे. इंग्रजीत ‘हॅलो’चा जोर दुसऱ्या अक्षरावर, ‘येलो’चा पहिल्यावर. त्यामुळे कोशाच्या नियमानं ही जोडी पक्क्या यमकात येत नाही. मराठीत असा जोर शब्द बदलत नाही, म्हणून आपल्याला हॅलो आणि येलो सहज जुळलेले वाटतात. तसंच ‘हॉट’ आणि ‘थॉट’. कोशात दोघांचे स्वर वेगळे लिहिलेत, आपल्याकडे दोन्हीत एकच ‘ऑ’. उलटंही घडतं. इंग्रजीत ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘व्हेस्ट’ म्हणजे बनियन हे चांगलं यमक आहे, कारण सुरुवातीची व्यंजनं वेगळी आहेत. आपल्यातले बरेच जण दोन्ही एकसारखेच म्हणतात. मग यमक जातं आणि तोच शब्द दोनदा म्हटल्यासारखं होतं.

यावर काही जण म्हणतील, मग उच्चार सुधारा ना! गाताना ‘रॅशन’ म्हणा, ‘इक्वेजन’ म्हणा. मला हा सल्ला चुकीचा वाटतो. उच्चारावरून आपल्याकडे मुलांना आधीच पुरेसं हसलं जातं. आणि गाण्याच्या दृष्टीनंही तो तोट्याचा आहे. यमक गाणाऱ्याच्या तोंडात नाही, ऐकणाऱ्याच्या कानात जुळतं. समोरचे दोनशे जण ‘रेशन’ म्हणत असतील आणि तुम्ही स्टेजवर ‘रॅशन’ म्हणालात, तर तुम्ही जुळलेलं यमक स्वतःच्या हातानं मोडलंत. हां, तुमचं गाणं अख्खं इंग्रजीत असेल आणि बाहेरच्या श्रोत्यांसाठी असेल, तर कोशाची क्रमवारीच योग्य. तिथं स्टेशन आणि टेन्शन सैल वाटणार, हे मान्य करून चालावं लागेल.

मग करायचं काय? साइटवरून पाच नाही, चाळीस शब्द घ्या, जवळच्या यमकांसकट. मग स्क्रीन बंद करा आणि मित्राला प्रत्येक जोडी मोठ्यानं म्हणायला सांगा. तुम्ही फक्त ऐका आणि स्वतःचे गुण द्या. त्यानंतर टाळी धरून ओळ म्हणा. ‘रिझर्वेशन’मधला ‘वे’ टाळीवर आला पाहिजे, जसा ‘स्टेशन’मधला ‘स्टे’ येतो. टाळी ‘रि’वर पडली तर कागदावरचे दहा गुण मैदानावर पाचसुद्धा उरत नाहीत. शेवटी फोनवर रेकॉर्ड करून गाणं न लिहिलेल्या कुणाला तरी ऐकवा. दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द त्याला नीट ऐकू आला नाही, तर यमक कितीही पक्कं असलं तरी शब्द बदला.

हे कानाचं काम आपल्या जिल्ह्याला नवं नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकात आली, पण रचली गेली ती जात्यावर आणि शेतात. ज्यांना स्पेलिंगच नाही त्यांचं यमक डोळ्याला फसूच शकत नाही. तीच कसोटी इंग्रजी शब्दाला लावा. आणि मधूनच यादीच्या बाहेरही बघा. ‘स्टेशन’ला ‘वेसण’ म्हणून पाहा. आपल्या बोलीत पाण्याचं ‘पानी’ होतं तसं वेसणीचं ‘वेसन’ होतं. ‘श’च्या जागी ‘स’ म्हणून एक गुण कमी, बाकी सगळं जुळतं. दहापैकी नऊ. हा शब्द कुठल्याच इंग्रजी यादीत येणार नाही. तो तुम्हालाच आठवावा लागेल.