ध्रुवपद पुन्हा पुन्हा लिहू नका

लंडनमध्ये काय, इस्रायलमध्ये काय, आजीच्या जुन्या कीर्तनपुस्तकातले एखादे पान फोनवर फोटो काढून येते आणि कोणीतरी ते टाईप करून सगळ्यांना पाठवते. 1880च्या सुमारास मुंबईत आपली कीर्तने सुरू झाली, पुढे ती छापलीही गेली. त्यांतली पदे अशी हातोहात फिरतात हे चांगलेच. पण उतरवताना पदाची मोडतोड होते, आणि ती बहुतेक ध्रुवपदापाशीच होते.

छापील पानावर ध्रुवपद एकदाच पुरते असते, शेवटी ॥ध्रु.॥. पुढे प्रत्येक कडव्यानंतर त्याचा पहिला शब्दच येतो. मीच रचलेली एक ओळ घेऊ : ‘मिसर सोडुनि चला रे, वाट दिसे सागरीं’. कडव्याखाली नुसते ‘मिसर॥’ असेल, तर पूर्ण ओळ म्हणायची. पण एखाद्या कडव्याखाली ‘वाट॥’ असेल, तर अर्ध्यावरूनच उचलायचे. टाईप करणारा दोन्हीकडे सबंध ओळ घालतो आणि गाणाऱ्याला दिलेली ती खूण नाहीशी होते. वॉर्डात औषधांचा तक्ता उतरवताना ‘वरीलप्रमाणे’ लिहायचे नाही, असे आम्हाला शिकवले होते. इथे मात्र माझे मत उलटे आहे : पानावर आहे तेवढेच लिहा. मुलांना म्हणायला पूर्ण ओळींची प्रत हवी असेल तर ती वेगळी करा, पहिलीवरून.

दुसरा घोळ आकड्यांचा. इंग्रजी स्तोत्रांत आकडा कडव्याच्या आधी असतो, आपल्याकडे ॥१॥ कडव्याच्या शेवटी. इथे वाढलेली मुले तो पुढच्या कडव्याला जोडतात, मग सगळी कडवी एकाने सरकतात. पान संपले म्हणून कडवे संपत नाही. आकडा येईपर्यंत ते चालूच असते. फोटोत खालची कड कापली गेली असेल तर यमक पाहा. आपल्या बहुतेक पदांत कडव्याची शेवटची ओळ ध्रुवपदाशी जुळते. वरच्या ओळीखाली ‘करीं’ किंवा ‘अंतरीं’ असे काही यायला हवे. ते नसेल तर एक ओळ राहिली आहे असे समजा, आणि पान पुन्हा मागवा, अंदाजाने भरू नका.

‘सोडुनि’चे ‘सोडुनी’ही करू नका. आजच्या शुद्धलेखनात ते बरे दिसेल, पण एक मात्रा वाढते आणि चालीत बसत नाही. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दिलेली ओळही सोडू नका, ती नसेल तर म्हणायचे कसे?

वर्डमध्ये टाईप करत असाल तर कडव्यातल्या ओळींना Shift+Enter आणि कडवे संपले की Enter द्या. परिच्छेदांमधले अंतर मग फक्त कडव्यांमध्येच पडते. पाठवल्यावर मात्र समोरच्याच्या फोनवर ते टिकले का, एवढे विचारून घ्या.