माल गेला, बिल अडकलं. ‘उद्यम’ नंबर आधी काढला असता तर?

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर पट्ट्यात डाळिंबाच्या पेट्या बनवणारी, मसाला दळणारी, पशुखाद्य भरणारी छोटी युनिटं टाकण्याकडे तरुणांचा कल वाढतोय. मशीन येतं, वीज मिळते, पहिला मालही विकला जातो. खरी पंचाईत पुढे होते. माल व्यापाऱ्याच्या गोदामात आणि पैसे ‘पुढच्या महिन्यात बघू’ या वायद्यात. ‘उद्यम’ नोंदणीचं नाव निघालं की बहुतेकांना अनुदान नाहीतर कर्ज आठवतं. पण नव्या उत्पादकासाठी या नोंदणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच आहे. थकलेलं बिल व्याजासह वसूल करण्याचा कायदेशीर हक्क तिच्यातून मिळतो. मात्र त्यासाठी नोंदणी वेळेत आणि योग्य प्रकारात झालेली असावी लागते. गडबड नेमकी तिथेच होते.

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगोला तालुक्यातल्या एका गावात एका तरुणाने पुठ्ठ्याच्या पेट्यांचं युनिट टाकलं. जुनी मशीनं घेतली, सगळी मिळून 14 लाखांची. एका व्यापाऱ्याला 8,000 पेट्या 30 रुपयांप्रमाणे दिल्या. बिल झालं 2 लाख 40 हजारांचं. माल 5 ऑक्टोबरला पोहोचला, व्यापाऱ्याने उतरवून घेतला. लेखी करार काही नाही, सगळं फोनवर ठरलेलं.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा 2006 चा कायदा अशा वेळी काय सांगतो? पैसे कधी द्यायचे हे लेखी ठरलं नसेल, तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत द्यायचे. लेखी ठरलं असेल तर त्या तारखेला, पण ती मुदत 45 दिवसांपुढे नेता येत नाही. करारात ‘90 दिवसांनी पैसे’ असं लिहून दोघांनी सह्या केल्या, तरी कायद्यापुढे तो करार टिकत नाही. मालात खोट असेल तर खरेदीदाराने 15 दिवसांत लेखी कळवायचं असतं. कळवलं नाही तर माल पोहोचला त्या दिवशीच स्वीकारला असं धरलं जातं. चार महिन्यांनी ‘पेट्या नरम निघाल्या’ म्हणणाऱ्याला हेच उत्तर.

म्हणजे या व्यवहारात मुदत 20 ऑक्टोबरला संपली आणि 21 पासून व्याज सुरू झालं. हे व्याज रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक रेट’च्या तिप्पट असतं आणि दर महिन्याला चक्रवाढीने चढतं. बँक रेट बदलत राहतो. हिशेबापुरता तो 6 टक्के धरला, तर व्याज वर्षाला 18 टक्के, म्हणजे महिन्याला दीड टक्का. सहा महिने पैसे आले नाहीत तर 2 लाख 40 हजारांचे सुमारे 2 लाख 62 हजार 400 होतात. 22 हजारांहून जास्त व्याज! गावाकडच्या धंद्यात एवढं व्याज मागायला कोणी धजत नाही हे खरं, पण ते मागता येतं एवढं समोरच्याला माहीत असलं तरी बोलण्याचा सूर बदलतो.

आता नोंदणी कधी करायची हा प्रश्न. अनेकांचा हिशेब असतो, पैसे अडकले की मग नोंदणी करू. 2021 आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट भूमिका घेतली होती. नोंदणीच्या आधी पुरवलेल्या मालाला नंतर केलेल्या नोंदणीचा आधार मिळत नाही. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने यावर वेगळा विचार मांडून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. पण आपलं बिल त्या वादात कशाला घालायचं? पेट्यांच्या उदाहरणात नोंदणी 5 ऑक्टोबरच्या आधीची असेल, किंबहुना ऑर्डर घेण्याच्याही आधीची असेल, तर वादाला जागाच उरत नाही. नोंदणी फुकट आहे आणि कागद तयार असतील तर अर्ध्या तासाचं काम आहे. मशीन बसलं की पहिल्या बिलाआधी हे उरकावं.

एका बाबतीत मात्र क्रम उलटा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून अनुदान घ्यायचं मनात असेल तर ते नव्या युनिटलाच मिळतं, आधीच चालू असलेल्याला नाही. त्यामुळे युनिट सुरू करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा खादी ग्रामोद्योगच्या कार्यालयात विचारून अर्ज करायचा आणि मगच पुढचं. नुसती ‘उद्यम’ नोंदणी केली म्हणून कोणतंही अनुदान आपोआप खात्यात येत नाही. तसं सांगणारा एजंट गावात आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

नोंदणी udyamregistration.gov.in या सरकारी पोर्टलवरच होते. सरकारसारख्या दिसणाऱ्या, दोन-तीन हजार रुपये ‘फी’ घेणाऱ्या साइट भरपूर आहेत. पत्त्याच्या शेवटी gov.in आहे का, एवढं बघितलं तरी पैसे वाचतात. लागतं काय, तर मालकाचं आधार, पॅन, बँक खात्याचा तपशील आणि कायद्याने जीएसटी लागू होत असेल तर तो नंबर. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते, कारण आधारला जुना, बंद पडलेला नंबर असतो. तो आधी बदलून घ्यावा लागतो. भागीदारी असेल तर व्यवस्थापक भागीदाराचं आधार चालतं.

उद्योग ‘सूक्ष्म’ की ‘लघु’ हे पोर्टल स्वतः ठरवतं. 1 एप्रिल 2025 पासून मशिनरीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म. त्यापुढे 25 कोटी गुंतवणूक आणि 100 कोटी उलाढालीपर्यंत लघु. जमीन, शेड, फर्निचर यांचा पैसा गुंतवणुकीत धरत नाहीत. त्यामुळे 14 लाखांची मशीनं असलेलं पेट्यांचं युनिट सूक्ष्ममध्ये आरामात बसतं. नवा उद्योग असेल आणि आयकर विवरणपत्र अजून भरलेलं नसेल तर आकडे स्वतःच्या घोषणेवर घेतले जातात. पुढे विवरणपत्र आणि जीएसटीवरून ते आपोआप तपासले जातात, म्हणून फुगवून लिहिण्यात अर्थ नाही.

खरी चूक होते ती व्यवसायाचा कोड निवडताना. पेट्या ‘बनवणं’ आणि पेट्या ‘विकणं’ या दोन गोष्टी पोर्टलच्या दृष्टीने वेगळ्या आहेत. उत्पादनाचे कोड 10 ते 33 या आकड्यांनी सुरू होतात. कागद-पुठ्ठ्याच्या मालाचा 17 ने, खाद्यपदार्थांचा 10 ने. घाऊक व्यापाराचा कोड 46 ने आणि किरकोळ विक्रीचा 47 ने सुरू होतो. जुलै 2021 पासून व्यापाऱ्यांनाही नोंदणी करता येते, पण त्यांना फायदा मिळतो तो फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. थकीत बिलाचं संरक्षण त्यांना नाही. सायबर कॅफेवाल्याने घाईत ‘घाऊक विक्री’ निवडली, तर हातात प्रमाणपत्र असतं, पण वेळेला ते कामी येत नाही.

यात आणखी एक गुंता आहे. एका पॅनवर एकच उद्यम नोंदणी होते. गावात किराणा दुकान असताना चालू खात्यासाठी कधीतरी नोंदणी केलेली असते. आता त्याच नावाने कारखाना टाकला की नवी नोंदणी होत नाही, ‘आधीच नोंद आहे’ असा संदेश येतो. तेव्हा त्याच नोंदणीत दुरुस्ती करून उत्पादनाचा कोड आणि युनिटचा पत्ता वाढवायचा असतो. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यांनी आजच ते उघडून कोडचे पहिले दोन आकडे आणि ‘उत्पादन’ असं लिहिलंय का ते बघावं. प्रमाणपत्राला नूतनीकरण लागत नाही.

कर्जाच्या बाजूने थोडक्यात. सूक्ष्म-लघु उद्योगाला किमान 10 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यापुढच्या रकमेला सरकारी हमी योजनेचं कवच घेता येतं. प्रमाणपत्र हातात असलं तरी बँक धंद्याचा हिशेब तपासणारच.

पुन्हा त्या 2 लाख 40 हजारांकडे. पैसे येईनात तर काय? पहिलं पाऊल साधं. प्रत्येक बिलावर उद्यम नंबर आणि ‘सूक्ष्म उद्योग, उत्पादन’ छापायचं. व्यापाऱ्याचा सीए हे बघतो, कारण आयकराचाही इथे संबंध येतो. आर्थिक वर्ष 2023-24 पासून नियम असा की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल 15 किंवा 45 दिवसांच्या मुदतीत दिलं नाही आणि 31 मार्चला ते बाकी राहिलं, तर ती रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. पैसे ज्या वर्षी दिले जातील, त्या वर्षी ती धरली जाते. म्हणजे 2 लाख 40 हजारांवर त्याला आधी कर भरावा लागतो. त्यामुळे मार्चमध्ये सीएचा फोन व्यापाऱ्याला जातो आणि व्यापाऱ्याचा पेट्यावाल्याला. अर्थात व्यापारी नियमित हिशेब ठेवून कर भरणारा असेल तरच हा दाब चालतो.

तरीही पैसे आले नाहीत तर नोटीस आणि त्यानंतर सूक्ष्म-लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज. केंद्राच्या पोर्टलवर त्याची सोय झालेली आहे. परिषद आधी तडजोडीचा प्रयत्न करते, न जमल्यास लवाद म्हणून निर्णय देते. निर्णय 90 दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो. पण एकदा निर्णय लागला आणि खरेदीदाराला कोर्टात जायचं असेल तर त्याला निर्णयातल्या रकमेचे 75 टक्के आधी भरावे लागतात. अडवणूक करणाऱ्याला हे महागात पडतं. अर्जाला बिल, मालाची पोच, ई-वे बिल, व्हॉट्सअॅपवरची ऑर्डर हे सगळं लागतं. माल टेम्पोत भरून दिला आणि पोच पावतीवर सही-शिक्का घेतलाच नाही, तर नोंदणी असूनही दावा लंगडा पडतो.

याची दुसरी बाजूही आहे. आयकराचा नियम आल्यापासून काही मोठे खरेदीदार नोंदणी असलेल्या छोट्या पुरवठादारांपेक्षा मध्यम उद्योगांकडून माल घेऊ लागल्याच्या, तर काही ‘नोंदणी रद्द करा’ म्हणत असल्याच्या तक्रारी झाल्या. ज्याचा एकच गिऱ्हाईक आहे त्याला असा दबाव झेपत नाही. पेट्यांच्या धंद्यात हंगाम तीन-चार महिन्यांचा; त्यात एका व्यापाऱ्याच्या भरवशावर सगळा माल टाकायचा की दोन-तीन ठिकाणी विभागायचा, हे युनिट टाकतानाच ठरवावं लागतं. दोन-तीन गिऱ्हाईकं असली तर ऑर्डर घेतानाच ‘30 दिवसांत पैसे’ असं व्हॉट्सअॅपवर तरी लिहून घ्यायला उत्पादक कचरत नाही.