बायोडाटावरचा फोन नंबर : +91 लावावे की नाही?

अर्नाळा, आगाशी, नालासोपारा या पट्ट्यातले आपले अनेक कारागीर बांधव आखाती देशांत कामासाठी अर्ज करतात. वेल्डर, एसी मेकॅनिक, सुतार, प्लंबर, ड्रायव्हर यांचा बायोडाटा बहुधा बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात टाइप होतो. हुनर, अनुभव, पासपोर्ट नंबर सारे नीट लिहिले जाते. फोन नंबर मात्र टाइप करणाऱ्याच्या मर्जीवर सोडला जातो. कोणी पुढे शून्य लावतो, कोणी नुसते दहा आकडे देतो, कोणी दोन-तीन नंबर एकापुढे एक लिहितो. आमचे स्पष्ट मत असे आहे की बायोडाटावर एकच नंबर असावा, तो स्वतःचा असावा, आणि त्याच्या आधी +91 असलेच पाहिजे.

कारण असे की बायोडाटा जिथे दिला तिथे थांबत नाही. समजा, अर्नाळ्याच्या एका एसी मेकॅनिकने मुंबईतल्या एजंटकडे कागद दिला. एजंट तो दम्मामच्या ठेकेदाराला पाठवतो, आणि ठेकेदाराच्या ऑफिसातला कारकून सौदी मोबाइलवरून फोन लावतो. कागदावर 98 ने सुरू होणारे दहा आकडे आहेत. ते जसेच्या तसे फिरवले तर सौदीचे नेटवर्क हा नंबर सौदीतच शोधते. सौदीचे मोबाइल नंबर 05 ने सुरू होतात, त्यामुळे असा नंबर तिथे सापडत नाही आणि कारकुनाला "नंबर चुकीचा आहे" एवढेच ऐकू येते. व्हॉट्सअॅपचेही तेच. कोड नसलेला नंबर सौदी फोनमध्ये साठवला की तो +966 चा, म्हणजे सौदीचा नंबर समजला जातो. इकडे आपल्या मेकॅनिकला कोणी फोन केला होता याचा पत्ताही लागत नाही. मिस्ड कॉलसुद्धा येत नाही, म्हणून चूक कधी कळतच नाही. तो समजतो, नशिबात नव्हते.

यावर काही जण म्हणतात, पत्ता भारताचा आहे, कारकुनाला कळायला नको का? कळेलही. पण ज्याच्यासमोर पन्नास कागद आहेत तो लागणारा फोन आधी लावतो, आणि न लागलेला कागद बाजूला ठेवतो.

आता तो लिहावा कसा? नमुना असा :

+91 98××× ×××××

91 हा भारताचा कोड. त्याच्या आधीचे + हे चिन्ह फोनला सांगते की पुढे देशाचा कोड येतो आहे. सौदी, दुबई, कतार किंवा कुवेत येथून बाहेर फोन करताना 00 लावतात, अमेरिकेतून 011. मोबाइलवर + दाबले की त्या-त्या देशाचे आकडे आपोआप लागतात, म्हणून 0091 ऐवजी +91 लिहावे. त्यानंतर शून्य येत नाही. +91 098××× किंवा +91 (0) 98××× असे लिहिले की नंबर बिघडला. घरच्या लँडलाइनलाही हाच नियम आहे. वसई तालुक्याचा कोड 0250 आहे, पण परदेशासाठी तो +91 250 आणि पुढे घरचा नंबर, असा होतो. पुढचे शून्य फक्त देशाच्या आत चालते.

आकडे इंग्रजीतच असावेत. मराठीतला १ परक्या माणसाला इंग्रजी 9 वाटतो, आणि अरबीतला पाच गोल असल्याने आपले ० अरबी वाचणाऱ्याला पाच वाटू शकते. आणखी एक बारीक गोष्ट. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात. संगणकावरच्या अरबी फॉर्ममध्ये जागा सोडून टाइप केलेल्या नंबराचे गट कधी कधी उलट क्रमाने दिसतात : शेवटचे पाच आकडे डावीकडे आधी, मग पहिले पाच, आणि 91 उजव्या टोकाला. म्हणून इंग्रजी बायोडाटावर मध्ये जागा सोडली तरी चालेल, पण अशा फॉर्ममध्ये सगळे आकडे सलग लिहावेत. जिथे देश निवडण्याचा वेगळा रकाना असतो, तिथे भारत निवडून पुढे फक्त दहा आकडे भरावेत. तिथे पुन्हा 91 भरले तर ते दोनदा लागते.

नंबर कोणाचा द्यावा, हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. १९९० च्या दशकात घरोघरी फोन नव्हते. अर्जावर शेजाऱ्याचा किंवा वाण्याचा नंबर देऊन पुढे "पी.पी." लिहीत, आणि दुकानदार निरोप पोचवत असे. तेव्हा ती सोय होती. आज हातात मोबाइल असूनही काही जण मोठ्या भावाचा किंवा एजंटच्या माणसाचा नंबर देतात. फोन करणारा कामाचीच माहिती विचारतो : गॅस कोणता भरला आहे, किती टनाची मशीन बसवली आहे. भावाला ते सांगता येत नाही. एजंटच्या माणसाचा नंबर असेल तर ठेकेदाराने सांगितलेला पगार आपल्या कानापर्यंत किती पोचेल, ते त्याच्या हाती राहते. म्हणून नंबर स्वतःचा, आणि त्याच नंबरवर व्हॉट्सअॅप असलेला.

तो नंबर जिवंतही राहिला पाहिजे. प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरले नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. एजंटकडचे कागद सहा-सहा महिने पडून असतात, म्हणून जुन्या कागदावरचा नंबर चालू आहे ना, हे पाहावे. कंपनी बदलायची असेल तर नवे सिम घेण्याऐवजी नंबर तोच ठेवून कंपनी बदलावी. ही सोय २०११ पासून देशभर आहे. आखातातून परतलेल्यांनी तिथला +966 किंवा +971 चा बंद पडलेला नंबर बायोडाटावरून काढून टाकावा.

वसई-विरारमधल्याच कारखान्यात अर्ज करायचा असेल तर +91 ची गरज नाही, पण लिहिल्याने काही बिघडतही नाही. भारतातल्या मोबाइलवरून +91 सकट फोन लागतो. मालक लँडलाइनवरून करत असेल तर तो +91 सोडून, १५ जानेवारी २०२१ पासूनच्या नियमाप्रमाणे, आधी 0 लावील. म्हणजे एकच कागद दोन्हीकडे चालतो.

खात्री करण्याचा उपाय सोपा आहे. आपल्या मोहल्ल्यातला कोणी ना कोणी आखातात असतोच. त्याला बायोडाटाचा फोटो पाठवावा आणि आपला नंबर त्याच्या फोनमध्ये साठवलेला असला तरी तो न वापरता, कागदावरचे आकडे एकेक करून फिरवायला सांगावे. फोन वाजला तर कागद बरोबर. नाही वाजला तर तोच कागद दम्मामला जाण्याआधी झेरॉक्सच्या दुकानात परत न्यावा.